एग्यो, देबाक, फाइटिंग: के-ड्रामा बघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्रीची जेवणं उरकली की आमच्या घरी एक कोरियन भाग लागतो. आई समोरच्या खुर्चीत, मी सतरंजीवर. मी काही वर्षं कोरियन शिकले आहे, त्यामुळे दर दहा मिनिटांनी मला थांबवून विचारलं जातं, "आता ही काय म्हणाली?" खालचे बहुतेक प्रश्न आईचे आहेत, काही मावशीचे, आणि दोन-तीन ऑफिसात डबा खाताना विचारले गेलेले.

या तीन शब्दांचे अर्थ एका ओळीत सांगता येतील का?

सांगता येतील. एग्यो म्हणजे लाडिकपणा, देबाक म्हणजे भारी, फाइटिंग म्हणजे ऑल द बेस्ट. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात कोरियातून आलेले सव्वीस शब्द एकदम घेतले गेले, त्यांत हे तिन्ही होते. पण तेवढ्यावर बघायला बसलात तर तिसऱ्याच भागात अडाल. बाप मेल्याची बातमी ऐकून कुणी 'देबाक' पुटपुटतं, बॉसने 'एग्यो कर' म्हटल्यावर मुलीचा चेहरा पडतो, आणि परीक्षेत नापास झालेल्या मित्राला 'फाइटिंग' म्हणणारा मूर्ख ठरतो. हे शब्द कोण कुणाला आणि कधी म्हणतं यावर सगळा खेळ आहे. कोशातला अर्थ त्यानंतर येतो.

उच्चार नक्की काय?

इंग्रजी स्पेलिंगमधलं 'ae' बघून लोक 'आएग्यो' आणि 'डाएबाक' म्हणतात. कोरियनमध्ये तो एकच स्वर आहे, आपल्या 'ए'च्या जवळचा. म्हणून एग्यो आणि देबाक. 'देबाक'मधला शेवटचा 'क' तोंडातच अडवायचा, सोडायचा नाही. सुरुवातीचा 'द' कोरियन माणसाच्या तोंडून कधी कधी 'त'सारखा ऐकू येतो. तुमच्या कानात बिघाड नाही, त्यांचा तो वर्णच 'द' आणि 'त' यांच्या मधला आहे.

फाइटिंगची गंमत वेगळी आहे. कोरियनमध्ये इंग्रजी 'f' नाही. पण आपल्या 'फळ'मधला, दोन्ही ओठ मिटून काढलेला, जुन्या वळणाचा 'फ' आहे. म्हणजे आजीच्या उच्चारातलं 'फाइथिंग' हे कोरियन कानाला कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या नातीच्या 'फायटिंग'पेक्षा बरोबर वाटेल. तरी मालिकेत पुष्कळदा 'ह्वाइथिंग' ऐकू येतं. त्याचं कारण पुढच्या उत्तरात.

फाइटिंग म्हणजे भांडायला सांगतात का?

आईचा हा अगदी पहिला प्रश्न. मुलगी मुलाखतीला निघाली आहे, आई दारात उभी, आणि मुठी आवळून म्हणते 'फाइटिंग!' आमच्या आईला वाटलं, कुणाशी तरी मारामारी आहे.

शब्द इंग्रजी दिसतो, पण इंग्रजीतून थेट आलेला नाही. जपानमध्ये खेळाडूंना चेव आणायला 'फाइतो!' असं ओरडतात. कोरिया १९१० ते १९४५ जपानच्या ताब्यात होता, आणि त्या काळात व त्यानंतर बरेच इंग्रजी शब्द जपानी वळणाने कोरियनमध्ये शिरले. हाही त्यातलाच मानला जातो. जपानी 'फु' हा फुंकर मारल्यासारखा, 'ह'कडे झुकलेला आवाज. त्यामुळे अशा शब्दांत 'f'च्या जागी कोरियनमध्ये 'ह' बसला. तव्यावरच्या अंड्याला तिथली घरं आजही 'हुराइ' म्हणतात, म्हणजे आपलं 'फ्राय'. 'ह्वाइथिंग' त्याच पंगतीतलं. आज प्रमाण लेखनात 'फ'वालं रूप बरोबर आणि 'ह'वालं चुकीचं धरतात, पण बोलणारे त्याची पर्वा करत नाहीत.

तिथल्या राष्ट्रीय भाषा संस्थेला हा उसना शब्द खटकत होता. २००४ साली त्याऐवजी 'आजा' हा देशी शब्द सुचवला गेला. झालं काय, तर लोकांनी दोन्ही जोडून टाकले आणि 'आजा आजा फाइटिंग!' असा एकच गजर झाला. प्रतिशब्द सुचवणाऱ्यांचं असं का होतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

अर्थाने हे आपल्या 'लढ बापू'च्या सगळ्यात जवळ आहे. 'ऑल द बेस्ट'मध्ये नशिबाचा भाग असतो, 'फाइटिंग'मध्ये नसतो. म्हणणारा तुमच्या कष्टाला हात लावतो. त्यासोबतची खूणही बघा: कोपर वाकवून मूठ खांद्याच्या उंचीला आणायची आणि एक छोटासा झटका द्यायचा. मूठ समोरच्यावर उगारलेली नसते.

हा शब्द सगळ्यात दाट ऐकायचा तर नोव्हेंबर महिन्यात. तेव्हा 'सुनुंग' ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा असते. इंग्रजी ऐकण्याच्या भागाच्या वेळी साधारण ३५ मिनिटं देशभरात विमानांची उड्डाणं आणि उतरणं थांबवतात, एवढी ती गंभीर बाब. शाळेच्या फाटकापाशी पहाटे धाकट्या वर्गातली मुलं फलक घेऊन 'सन्बे, फाइटिंग!' ओरडतात, असं दृश्य मालिकांत हमखास असतं. सन्बे म्हणजे वरच्या वर्गातला. शिवाय परीक्षार्थीला 'यॉत' नावाची चिकट मिठाई देतात, कारण 'चिकटणे' आणि 'परीक्षा पास होणे' यांना कोरियनमध्ये एकच क्रियापद आहे. समुद्री शेवाळाचं सूप मात्र त्या दिवशी कुणी वाढत नाही, कारण ते बुळबुळीत, माणूस घसरेल. आपण दही-साखर हातावर ठेवतो, त्यातलाच प्रकार.

मग खचलेल्या माणसालाही फाइटिंग म्हणतात का?

इथे सबटायटल घोटाळा करतं. फाइटिंग हे काम समोर असताना म्हणायचं: परीक्षा, सामना, पहिला दिवस, सोमवार सकाळ. पडलेल्या, रडणाऱ्या माणसासाठी 'हिम्ने' हा शब्द आहे. 'हिम' म्हणजे बळ, 'ने' म्हणजे बाहेर काढ. आपण 'धीर धर' म्हणतो, तशा जागी तो येतो. इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्हीकडे 'चिअर अप' किंवा 'यू कॅन डू इट' येऊ शकतं, म्हणून फरक कळत नाही. एखाद्या पात्राने रडणाऱ्या मैत्रिणीला दात काढून 'फाइटिंग!' म्हटलं, तर लेखकाने त्याला मुद्दाम आगाऊ दाखवलेलं असतं. अंत्यविधीला तर हा शब्द तोंडातून निघता कामा नये.

देबाक म्हणजे 'भारी' ना? मग वाईट बातमीवर का म्हणतात?

देबाक मुळात नाम आहे आणि त्याचा अर्थ मोठा फायदा, घबाड. 'देबाक नादा' म्हणजे धंदा दणक्यात चालणं, सिनेमा तुफान चालणं. नवं हॉटेल उघडलं की दारापुढे माणसाच्या उंचीचे फुलांचे स्टँड लागतात आणि त्यांच्या फितीवर 'देबाक नासेयो' लिहिलेलं असतं, म्हणजे 'धंद्याला बरकत येवो'. मालिकेच्या चित्रीकरणाच्या आधी काही ठिकाणी 'गोसा' नावाचा विधी करतात. टेबलावर उकडलेलं डुकराचं मुंडकं मांडून त्याच्या तोंडात नोटा खोचतात आणि मालिका देबाक होऊ दे म्हणून वाकून नमस्कार करतात. हसरं मुंडकं मिळालं तर शकून चांगला. आपल्या मुहूर्ताच्या नारळाची जागा तिथे त्या डुकराला आहे.

याचा उलट शब्दही फार छान आहे: 'जोकबाक'. म्हणजे भोपळ्याचं छोटं डवलं, भिकाऱ्याच्या हातात असतं ते. धंदा बुडाला की माणूस 'जोकबाक कंबरेला बांधतो'. आपण 'हाती कटोरा आला' म्हणतो ना, तेच. 'बाक' म्हणजे भोपळा, म्हणून देबाक हे मोठ्या भोपळ्यावरून आलं असं बरेच कोरियन लोक सांगतात आणि हुंगबूची लोककथा पुढे करतात. गरीब हुंगबू जखमी पाकोळीचा पाय बांधतो, ती त्याला बी आणून देते, आणि त्या वेलीचा भोपळा चिरल्यावर आतून धनदौलत निघते. गोष्ट गोड आहे, पण शब्दाचा उगम म्हणून ती सिद्ध झालेली नाही. कुणी मोठ्या जहाजावरूनही लावतात.

या नामाचा पुढे उद्गार झाला, आणि तिथून 'फायदा' गळून 'मोठं' तेवढं उरलं. ऐकणाऱ्याच्या अंदाजापेक्षा मोठं काहीही देबाक. म्हणून लॉटरी लागली तरी देबाक आणि शेजारणीचा नवरा पळून गेला तरी देबाक. मराठीत 'बाप रे' दोन्हीकडे चालतं, तसंच. 'नाद खुळा' फक्त पहिल्याला चालेल. ओळखायचं आवाजावरून. 'दे' लांबवून वर चढवला, 'देsssबाक!', तर आनंद. हळू, सपाट, डोळे दुसरीकडे वळवून म्हटलं तर धक्का किंवा किळस. आणि मान हलवत, हसू दाबत म्हटलं तर टोमणा: 'कमालच आहे बाई हिची.'

२०१४ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षा पार्क गुन-हे पत्रकार परिषदेत म्हणाल्या की दोन्ही कोरियांचं एकीकरण म्हणजे 'देबाक' आहे. राष्ट्राध्यक्षांच्या तोंडी हा बाजारू शब्द ऐकून लोकांच्या भुवया उंचावल्या, आणि परदेशी वार्ताहरांसाठी अनुवाद करायचा म्हटल्यावर पंचाईत झाली. 'जॅकपॉट' म्हटलं तर जुगाराचा वास येतो. शेवटी सरकारी इंग्रजीत 'बोनान्झा' स्थिरावलं. पुढच्या वेळी सबटायटलमध्ये याच्या जागी पाच वेगळे शब्द दिसले तर सबटायटल करणाऱ्याला शिव्या देऊ नका.

'हॉल्' आणि 'आइगो' हेही देबाकच का?

'हॉल्' म्हणजे बोलती बंद होणं. त्यात आनंद जवळजवळ नसतो आणि तो तरुणांचा शब्द आहे. 'आइगो' वयस्कर लोकांचा, आपलं 'अगं बाई' किंवा 'आई गं'. गुडघा दुखला तरी आइगो, नातवंड आलं तरी आइगो.

एग्यो म्हणजे नेमकं करायचं काय? गाल फुगवायचे?

गाल फुगवणं, हनुवटीखाली दोन्ही तळवे फुलासारखे धरणं, हे वरवरचं. खरी करामत भाषेत आहे, आणि सबटायटलमधून ती शंभर टक्के गळते.

एक नमुना जवळून बघू. कोरियन टीव्हीवर गाजलेलं, नट-नट्यांकडून हटकून म्हणवून घेतलं जाणारं एक वाक्य आहे. त्याचा साधा अर्थ: 'मला स्वप्न पडलं, भुताचं स्वप्न पडलं.' सरळ कोरियनमध्ये ते 'ना कुमक्वॉस्सो, ग्वीशिन कुमक्वॉस्सो'. एग्यो करताना ते होतं 'ना कुंगकोत्तो, गीशिंग कुंगकोत्तो'. काय झालं बघा. 'म' आणि 'न' जाऊन त्यांच्या जागी नाकातला 'ङ' आला. 'स्स'चा 'त्त' झाला. 'ग्वी'सारखी जोडअक्षरं सोपी होऊन 'गी' झाली. लहान मूल नेमक्या याच चुका करतं. कोरियनमध्ये याला 'आखूड जिभेचा आवाज' म्हणतात, आपल्याकडे बोबडे बोल. मराठीत करायचं तर 'मला नं श्वप्न पल्लं, भुताचं श्वप्न पल्लं'. वाचतानाच अंगावर काटा आला असेल तर तुम्हाला एग्यो बरोबर समजलं, कारण निम्म्या कोरियन प्रेक्षकांनाही तसंच होतं.

याशिवाय वाक्याच्या शेवटी 'ङ' चिकटवणं ही रोजची युक्ती आहे. 'मोल्ला' (माहीत नाही) चं 'मोल्लांग', आदरार्थी 'यो'चं 'योंग'. मोबाइलवर मेसेज लिहितानासुद्धा लोक असं लिहितात. आणि 'मी' न म्हणता स्वतःचं नाव घेणं: 'पिंकीला भूक लागलीये.' हे आपल्याकडच्या चार वर्षांच्या पिंकीलाही येतं.

मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द लाडीगोडी, पण एक फरक आहे. लाडीगोडी कुणीतरी कुणाला तरी *लावतं*, त्यामागे काम असतं. एग्यो हा गुणही असू शकतो. 'तिच्यात खूप एग्यो आहे' हे सुनेबद्दल, नातवाबद्दल, मांजराबद्दलही कौतुकाने म्हणतात. डोळ्याच्या खालच्या पापणीलगत हसताना जी फुगीर रेघ उमटते तिला 'एग्योसाल' म्हणतात, एग्योचं मांस! ती मेकअपने रंगवतात. आणि एखादी बारीकशी चूक 'एग्यो समजून' सोडून द्या, असंही म्हणतात. उलट टोकाला 'मुत्तुकत्तुक' माणूस, म्हणजे घुम्या. बुसानच्या बाजूचे, ग्यॉंगसांग प्रांतातले पुरुष असे असतात हा तिथला ठरलेला विनोद, आणि तिथल्या बायकांनी हेल काढून म्हटलेलं 'ओप्पाया' हे मात्र सोलच्या पुरुषांना आपोआप एग्यो वाटतं. बिचाऱ्या त्या नुसतं हाक मारत असतात.

ओप्पा म्हणजे दादा, मग नवऱ्याला दादा कसं म्हणतात?

मावशीचा प्रश्न, कपाळाला हात लावून विचारलेला. बाईने आपल्याहून थोड्या मोठ्या पुरुषाला म्हणायचं ते ओप्पा: सख्खा भाऊ, कॉलेजातला मित्र, प्रियकर, सगळे. कोरियात मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, त्यामुळे काहीतरी नातं लावावंच लागतं. नातं कुठलं ते आवाज सांगतो. आपल्याकडे 'दादा' म्हटलं की प्रेमाचा दरवाजा बंद होतो, तिथे 'ओप्पा' म्हटलं की कधी कधी उघडतो. म्हणून नायिका आठ भाग 'टीम लीडर' म्हणत राहते आणि नवव्या भागात तिच्या तोंडून पहिल्यांदा 'ओप्पा' निघतं, तेव्हा पार्श्वसंगीत वाढतं. लग्न मुरलं की पुष्कळ घरांत 'यॉबो' येतं. ते 'इकडे बघा' अशा अर्थाच्या शब्दांवरून आल्याचं सांगतात. 'अहो, ऐकलंत का'च्या देशात हे वेगळं समजवावं लागू नये.

एकाच प्रसंगात हे सगळं कसं बघायचं?

मालिकांत हमखास येणारा प्रसंग घेऊ: 'ह्वेशिक', ऑफिसचं सामूहिक जेवण. लोखंडी जाळीवर डुकराचं मांस भाजतंय, सोजू या कोरियन दारूच्या हिरव्या बाटल्या, मोठं कंत्राट मिळालं आहे.

बातमी कळताच एक कनिष्ठ कर्मचारी शेजारच्याला कोपर मारून म्हणतो 'देबाक!' हे अरे-तुरेतलं. मग तोच टीम लीडरकडे वळतो आणि म्हणतो 'देबागीएयो!' शेवटचं 'एयो' म्हणजे आपलं 'आहे हो'. शब्द तोच, पण मधल्या एका सेकंदात त्याने पाठ सरळ केलेली असते. सबटायटल दोन्हीकडे 'अमेझिंग'.

मग लीडर ग्लास उचलतो, 'उरी टीम, फाइटिंग!' 'उरी' म्हणजे आपली. सगळे ओरडतात. एक बाई ओठ हलवते पण आवाज काढत नाही. ती राजीनामा देणार आहे, हे आपल्याला दोन भागांनी कळेल. लेखकाने इथेच सांगून ठेवलं होतं.

आणि तिसरी बाटली संपल्यावर लीडर नव्या मुलीला म्हणतो, 'जरा एग्यो करून दाखव.' इथे हसू नका. प्रियकरापुढे स्वतःहून केलेलं एग्यो ही तिची मर्जी. वरिष्ठाने मागितलेलं एग्यो म्हणजे पेय ओतायला लावण्याच्या रांगेतलं काम. ती काय करते त्यावर पात्र ठरतं: हसून करते आणि मग बाथरूममध्ये आरशासमोर उभी राहते, की मुद्दाम इतकं भयानक करते की सगळे घास गिळायचे विसरतात. अलीकडच्या मालिकांत दुसरा प्रकार वाढलाय, आणि मला तो जास्त आवडतो.

पुरुष एग्यो करतात का?

करतात. गायकांच्या गटातल्या मुलांना मनोरंजनाच्या कार्यक्रमांत ते करावंच लागतं, आणि करताना त्यांचे कान लाल होतात तोच प्रेक्षकांचा आनंद. मालिकेत कडक नायक दारू पिऊन एग्यो करतो आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही.

ऐतिहासिक मालिकेत आणि उत्तर कोरियात हे शब्द असतात का?

जोसॉन या जुन्या राजघराण्याच्या काळातल्या पात्राने फाइटिंग म्हटलं तर समजा, ते आजच्या काळातून तिथे जाऊन पडलेलं आहे. भोवतालचे दरबारी गोंधळून बघतात, हा ठरलेला विनोद. उत्तर कोरियात मात्र विनोद नाही. तिथे २०२३ साली दक्षिणी वळणाच्या बोलण्याविरुद्ध कायदा झाला, आणि रक्ताचं नातं नसलेल्याला 'ओप्पा' म्हणण्यावरही त्यात बंदी आहे.

माझ्या ऑफिसात कोरियन साहेब आहेत. मी हे शब्द वापरू का?

रांजणगाव, तळेगावच्या पट्ट्यात काम करणाऱ्या मैत्रिणीने विचारलं होतं. फाइटिंग वापर, पण सगळे मिळून म्हणत असतील तेव्हा. साहेबांना एकट्याला उद्देशून, त्यांच्या पाठीवर थाप मारल्यासारखं नको. देबाक म्हणायचंच तर शेवटचं 'एयो' गिळू नकोस. ओप्पा नाही, ते कितीही देखणे असले तरी नाही; आडनावापुढे हुद्दा आणि त्यापुढे 'निम' लाव, जसं 'किम बुजांगनिम'. एग्योचं तिने विचारलंच नाही. पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला: लाइन वेळेत सुरू झाली, साहेबांनी स्वतःच मूठ उचलून 'फाइटिंग' म्हटलं, आणि तिच्या शेजारचा सुपरवायझर घाबरून दोन पावलं मागे सरकला.